फॅक्टशीट मराठीत हवी, पण रुपयांत

म्युच्युअल फंडाची फॅक्टशीट मराठीत असावी की नाही यावर वाद सुरू झाला की दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, महाराष्ट्रातल्या माणसाचे पैसे घेता तर कागद त्याच्या भाषेत द्या, आणि हे म्हणताना शब्दकोश उघडून ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ला ‘प्रमाण विचलन’ करून टाकते. दुसरी बाजू हसते. ‘प्रमाण विचलन’ वाचून कोणाला काय कळणार, त्यापेक्षा इंग्रजीच बरं, आणि शेवटी सांगायला एजंट आहेच की! मला दोघांचंही पटत नाही. फॅक्टशीट मराठीत झालीच पाहिजे. पण शब्दाला शब्द ठेवून नव्हे. त्या कागदावरचा धोक्याचा प्रत्येक आकडा ‘तुमच्या दहा हजारांचं काय होऊ शकतं’ या वाक्यात उतरला पाहिजे. तसा उतरत नसेल तर तो आकडा पहिल्यांदा पैसे गुंतवणाऱ्याच्या कागदावर ठेवण्यात काही अर्थ नाही.

आधी हा कागद काय असतो ते पाहू. फंड कंपन्या दर महिन्याला फॅक्टशीट काढतात. प्रत्येक योजनेला त्यात साधारण एक पान मिळतं. योजना कुठे गुंतवते, कोण सांभाळतो, खर्च किती कापला जातो, मागचा परतावा किती, आणि कोपऱ्यात बारीक टायपात स्टँडर्ड डेव्हिएशन, बीटा, शार्प रेशो. रोखे, म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना दिलेल्या कर्जाचे कागद, घेणारी योजना असेल तर यील्ड टू मॅच्युरिटी आणि मॉडिफाइड ड्युरेशन. शेजारी धोक्याची पातळी काट्याने दाखवणारं रिस्कोमीटरचं रंगीत अर्धवर्तुळ. परताव्याचे आकडे ठळक आणि धोक्याचे बारीक, ही मांडणी सगळीकडे जवळपास सारखीच. टीव्हीवरच्या जाहिरातीच्या शेवटी मात्र मराठीत, श्वास न घेता, सांगितलं जातं की म्युच्युअल फंडातली गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते, योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रं काळजीपूर्वक वाचा. वाचा म्हणून सांगायला मराठी चालते. वाचायचे कागद तेवढे इंग्रजीत.

विरोधकांच्या म्हणण्यात दम नाही असं मी म्हणणार नाही. त्यांचे तीन मुद्दे भक्कम आहेत. पहिला कायद्याचा. मराठी आणि इंग्रजी मजकुरात फरक पडला तर खरा कोणता मानायचा, आणि तक्रार झाली तर कंपनीने कशाची जबाबदारी घ्यायची? दुसरा अचूकतेचा. सोपं करायला गेलं की खोटं होतं; ‘इतके पैसे बुडू शकतात’ असं लिहिलं तर ते भाकीत ठरतं आणि नाही लिहिलं तर दडपणं ठरतं. तिसरा सगळ्यात बोचरा. इंग्रजी उत्तम येणारे तरी कुठे फॅक्टशीट वाचतात? तेही मागच्या तीन वर्षांचा परतावा बघतात आणि बटण दाबतात. मग भाषेचं निमित्त कशाला?

तिसऱ्या मुद्द्याला उत्तर देताना मला १८७५ साल आठवतं. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. त्यांना हवी होती खतं, म्हणजे कर्जाचे दस्तऐवज. ती मिळाली तिथे त्यांनी जाळली. आजच्या वादात नेमकं विसरलं जातं ते हे, की त्या खतांची भाषा इंग्रजी नव्हती. गावात लिहिली गेलेली, तिथल्याच भाषेतली ती कागदपत्रं होती. तरीही अंगठा देणाऱ्याला आपण कशाला बांधले गेलो याचा पत्ता नसायचा. व्याज मुद्दलात कधी धरलं, जुनं खत फाडून नवं केलं तेव्हा रक्कम किती झाली, हे त्याला कळायचं ते कोर्टाचा हुकूमनामा दारात आल्यावर. म्हणजे कागद आपल्या भाषेत असणं पुरेसं नाही, हे महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलं आहे. शब्दकोशवाल्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि इंग्रजीवाल्यांनी पुढचा भाग लक्षात घ्यावा. चौकशी आयोग बसला, आणि १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचा करार गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा असं ठरवलं. लोक वाचत नाहीत म्हणून सरकारने हात झटकले नाहीत. सही करण्याआधी मजकूर माणसापर्यंत पोचवायची जबाबदारी कोणाची तरी असली पाहिजे, एवढं तरी मान्य केलं. त्या कायद्याने सावकारी संपली असा माझा दावा नाही. ती संपली नाही. पण प्रश्न बरोबर ठिकाणी ठेवला गेला.

आता अचूकतेचा मुद्दा. सोपं केलं की खोटं होतं, हे कितपत खरं आहे ते एक आकडा घेऊनच तपासू. समजा शेअरमध्ये गुंतवणाऱ्या एका योजनेच्या फॅक्टशीटवर स्टँडर्ड डेव्हिएशन १४ टक्के लिहिलं आहे आणि सरासरी वार्षिक परतावा १२ टक्के आहे. संख्याशास्त्राच्या पुस्तकी हिशोबाने याचा अर्थ असा की तीनपैकी दोन वर्षांत परतावा १२ उणे १४ आणि १२ अधिक १४ यांच्या दरम्यान राहील. म्हणजे आज टाकलेले दहा हजार वर्षाने ९,८०० ते १२,६०० यांच्यात कुठेतरी असतील. उरलेल्या एका वर्षी याच्या बाहेर, वर किंवा खाली. याच हिशोबाने पुढे गेलं तर वर्षाखेरीला दहा हजारांचे ८,४०० पेक्षा कमी होणं हे चाळीस वर्षांत एखाद्या वेळी घडावं.

‘प्रमाण विचलन : १४ टक्के’ असं छापलं तर यातलं काहीच पोचत नाही, हे उघड आहे. ‘तीनपैकी दोन वर्षांत ९,८०० ते १२,६००’ हे पुष्कळ बरं. पण तेही अपुरं आहे, आणि इथेच सोपेपणाला अचूकतेचा शत्रू मानणारे चुकतात. २००७च्या अखेरीला सेन्सेक्स २०,२८७ वर होता. २००८च्या अखेरीला तो ९,६४७ वर आला. दहा हजारांचे पावणेपाच हजार, एका वर्षात. वरच्या हिशोबात असं वर्ष येण्याची शक्यता जवळपास शून्य आहे. ते आलं. कारण बाजार शाळेतल्या घंटेच्या आकाराच्या आलेखाप्रमाणे वागत नाही. पडतो तेव्हा त्या आलेखाने दिलेल्या मर्यादेच्या खूप खाली जातो. शिवाय फॅक्टशीटमधला हा आकडा साधारणपणे मागच्या तीन वर्षांच्या मासिक परताव्यांवरून काढलेला असतो. ती तीन वर्षं शांततेत गेली असतील तर आकडा लहान दिसतो. म्हणजे बाजार खूप चढून बसलेला असतो आणि नवे गुंतवणूकदार रांगेने येत असतात, नेमका तेव्हाच कागद सांगतो की धोका कमी आहे.

म्हणून मराठी कागदावर मी असं लिहीन : ‘या योजनेचा परतावा दरवर्षी सारखा नसतो. बऱ्याच वर्षांत दहा हजारांचे ९,८०० ते १२,६०० यांच्या दरम्यान काहीतरी होऊ शकतात. पण वाईट वर्ष याहून फार वाईट असू शकतं. २००८ साली सेन्सेक्समधल्या दहा हजारांचे सुमारे ४,७५० उरले होते, आणि जानेवारी २००८ची उंची परत दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. स्टँडर्ड डेव्हिएशन हा याच चढउताराचा आकडा आहे. दोन योजनांची तुलना करताना तो मोठा असेल तिथे चढउतार जास्त.’ यात भाकीत कुठे आहे? घडलेलं सांगितलं आहे. आणि तांत्रिक आकड्यापेक्षा हे वाक्य जास्त खरं आहे, कारण तो आकडा जे झाकतो ते या वाक्यात दिसतं. इंग्रजी शब्द देवनागरीत जसाच्या तसा ठेवला आहे, तोही मुद्दाम. गुंतवणूकदाराला उद्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये तोच शब्द दिसणार आहे. तिथे ‘प्रमाण विचलन’ कोणी लिहिलेलं नसेल.

बीटा आणि शार्प रेशो मी मराठी कागदावर घेणारच नाही. बाजाराच्या तुलनेत योजना किती हलते ते बीटा सांगतो, घेतलेल्या धोक्याच्या मानाने परतावा किती ते शार्प रेशो. पाचशे रुपयांची पहिली एसआयपी लावणाऱ्या माणसाचा कोणता निर्णय शार्प रेशोने बदलतो? ज्याला हवा त्याच्यासाठी इंग्रजी फॅक्टशीट आहेच. काय गाळायचं ते ठरवणं हाही भाषांतराचा भाग आहे, आणि ते ठरवायला भाषेपेक्षा विषय जास्त कळावा लागतो.

रिस्कोमीटरचं काय? ते तर चित्र आहे, त्याला भाषा कशाला, असं म्हणतात. फंडांची नियामक असलेल्या सेबीने २०२१ पासून त्याचे सहा टप्पे केले आणि दर महिन्याला ते नव्याने ठरवायला सांगितलं. सुधारणा चांगलीच होती. रोखे घेणाऱ्या योजनांमध्ये त्या काट्याने खरोखर काही फरक कळतो. शेअरच्या योजनांमध्ये मात्र गुण देण्याची पद्धतच अशी आहे की जवळपास सगळ्या योजना शेवटच्या, ‘अत्यंत जास्त’ या टप्प्यात जाऊन बसतात. देशातल्या सगळ्यात मोठ्या पन्नास कंपन्यांचा इंडेक्स फंड आणि लहान कंपन्यांचा स्मॉल कॅप फंड यांचे काटे एकाच जागी. नव्या माणसाने यातून काय समजायचं? एक तर घाबरून दोन्हीकडे पाठ फिरवायची, नाहीतर ‘सगळ्यांचं तसंच असतं’ म्हणून काट्याकडे बघणंच सोडायचं. व्यवहारात दुसरंच होतं. एजंटही तेच सांगतो : “काका, ते सगळ्यांनाच लाल असतं, तुम्ही रिटर्न बघा.” त्याचं बोलणं अर्ध खरं आहे, म्हणून तर ते घातक आहे. चित्राखाली एक ओळ हवी : शेअरच्या बहुतेक योजनांचा काटा इथेच असतो, पण लहान कंपन्यांच्या योजना पडत्या बाजारात साधारणपणे जास्त खोल जातात आणि सावरायला जास्त वेळ घेऊ शकतात, तीन वर्षांत लागणारे पैसे यात ठेवू नका. काटा मुदतीबद्दल काहीच बोलत नाही, आणि नव्या गुंतवणूकदाराचं नुकसान बहुधा मुदत चुकल्यामुळेच होतं.

पण माझ्या मते सर्वात जास्त फसवणारा आकडा शेअरच्या पानावर नाहीच. तो रोख्यांच्या योजनेच्या पानावर आहे : यील्ड टू मॅच्युरिटी. शेअर बाजार वरखाली होतो एवढं आता गावातल्या चहाच्या टपरीवरही माहीत आहे. पण ‘डेट फंड’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर बँकेची एफडी येते, आणि समोर ७.२ टक्के दिसले की तो ते व्याज समजतो. ते व्याज नाही. योजनेकडे आज जे रोखे आहेत ते सगळे मुदत संपेपर्यंत धरले, सगळ्या कर्जदारांनी वेळेवर पैसे दिले, आणि मधल्या काळात काहीही बदललं नाही, तर दरसाल इतकं उत्पन्न पडेल, असा तो आकडा आहे. त्यातून योजनेचा खर्च अजून जायचा आहे.

समजा ७.२ टक्के यील्ड, ०.८ टक्के खर्च आणि मॉडिफाइड ड्युरेशन ६ वर्षं आहे. व्याजदर जिथे आहेत तिथेच राहिले तर दहा हजारांवर वर्षाला साधारण ६४० रुपये पदरात पडतील. आता बाजारातले व्याजदर एक टक्क्याने वाढले तर काय? नवे रोखे जास्त व्याज देऊ लागले की योजनेकडच्या जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत उतरते, आणि ड्युरेशन ६ असेल तर ती अंदाजे ६ टक्क्यांनी उतरते. दहा हजारांवर सहाशे रुपये गेले. वर्षाअखेर हातात राहिले चाळीस. दर दीड टक्क्याने वाढले तर नऊशे जातील आणि मुद्दलालाच दोनशे साठ रुपयांची कात्री लागेल. व्याजदर उतरले तर याच्या उलट फायदा होतो, तेही सांगायला हवं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. लांब मुदतीच्या रोख्यांचे दर तेवढेच वाढत नाहीत, हे खरं. पण ‘व्याजदर वाढले म्हणजे आपल्याला जास्त मिळणार’ असं मानून बसलेल्या माणसाला त्या काळात आपल्या फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, का रेंगाळली ते कोणत्या कागदाने सांगितलं? मॉडिफाइड ड्युरेशनचा आकडा पानावर होता. त्याचा अर्थ नव्हता. ‘व्याजदर एक टक्का वाढले तर दहा हजारांमागे सुमारे ६०० रुपये कमी’, या एका ओळीत तो बसतो.

यील्ड जास्त का आहे, हा पुढचा प्रश्न. पतपेढीचा अनुभव असलेल्या माणसाला तो समजावायला दोन मिनिटं लागतात : पतपेढी दोन टक्के जादा देते तेव्हा तिने कर्ज कोणाला दिलंय ते विचारावं, तसंच इथेही. फॅक्टशीटवर रोख्यांच्या पतमानांकनाचा तक्ता असतोच. सरकारी रोखे किती, कंपन्यांपैकी सगळ्यात भरवशाचे म्हणजे ट्रिपल ए किती, डबल ए आणि त्याखाली किती. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना एकदम बंद केल्या आणि पंचवीस हजार कोटींहून अधिक रक्कम अडकली. त्यात एका योजनेच्या नावात ‘अल्ट्रा शॉर्ट’ होतं. कमी मानांकनाच्या, जास्त व्याज देणाऱ्या कागदांवर भर हीच त्या योजनांची ओळख होती, आणि करोनाच्या टाळेबंदीत असे कागद विकत घ्यायला बाजारात कोणी नव्हतं. लोकांना पैसे पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने परत मिळाले, हेही नोंदवलं पाहिजे. ते बुडाले असं म्हणणं खोटं होईल. पण मुलीच्या फीसाठी जूनमध्ये लागणारी रक्कम ज्याने तिथे ठेवली होती, त्याला ‘नंतर मिळतील’ हे उत्तर जूनमध्ये काय कामाचं? मागताक्षणी पैसे न मिळण्याच्या या धोक्याला फॅक्टशीटवर स्वतःचा सुटसुटीत आकडाच नाही. तिथे वाक्यच लागतं, आणि ते मराठी पानावर सगळ्यात वर असावं : ‘ही एफडी नाही. मुद्दलाची हमी नाही. बँक ठेवीला असतो तसा पाच लाखांपर्यंतचा विमा इथे नाही.’

हमी नसलेल्या जागी हमी वाचण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना १९६४ सालची. घराघरांतल्या निवृत्तांनी ती सरकारी ठेवच समजून धरली होती. युनिटची किंमत आतल्या मालमत्तेवरून नव्हे तर संस्थेने ठरवून जाहीर व्हायची, त्यामुळे चढउतार दिसतच नसे. जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्री थांबवली गेली तेव्हा लोकांना कळलं की आपण इतकी वर्षं बाजारातच होतो. त्यानंतर नियम बदलले, युनिटची किंमत एनएव्हीवरून ठरू लागली, कागद वाढले. समजावून सांगण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच गळ्यात पडली नाही.

असं सगळं स्पष्ट लिहिलं तर लोक घाबरतील, पैसे पुन्हा सोन्यात नाहीतर महिना पाच टक्के देणाऱ्या भामट्याकडे जातील, असा एक आक्षेप फंडवाले खाजगीत घेतात. हा आक्षेप मी हलका मानत नाही. धोका सांगणारा कागद आणि ‘पैसे दुप्पट’ सांगणारा माणूस यांच्यात माणूस जिंकतो, हे आपण दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शहरात बघतो. पण धोका न सांगता आणलेला गुंतवणूकदार टिकतो का? २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स सव्वीस हजारांच्या खाली बंद झाला. जानेवारीत तो बेचाळीस हजारांजवळ होता. असं होऊ शकतं हे ज्याला आधी सांगितलेलंच नव्हतं, त्याला त्या दिवशी आपण फसवले गेलो असंच वाटणार, आणि तो तळाशी विकून बाहेर पडणार. तो नंतर जातो कुठे? त्या भामट्याकडेच. शिवाय ‘तुमचे दहा हजार पावणेपाच हजार होऊ शकतात’ हे वाचून जो पैसे ठेवत नाही, त्याने ते खरंच ठेवायला नको होते.

राहिला कायद्याचा मुद्दा. मराठी मजकुराची जबाबदारी घेणं अशक्य आहे असं सांगणाऱ्यांनी शेजारच्या दोन नियामकांकडे बघावं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४च्या परिपत्रकाने कर्जदाराला द्यायचं मुख्य माहितीचं पत्रक त्याला समजणाऱ्या भाषेत लिहायला, त्यातला मजकूर त्याला समजावून द्यायला आणि समजल्याची पोच घ्यायला सांगितलं. विमा नियामकाने जानेवारी २०२४ पासून आरोग्य विम्याचं ग्राहक माहितीपत्रक, ग्राहकाने मागितल्यास, स्थानिक भाषेत द्यायला लावलं. दहा हजारांचं कर्ज काढणाऱ्याला जो हक्क आहे तो दहा हजार गुंतवणाऱ्याला का नसावा? मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य, अशी ओळ तळाशी टाका, माझी हरकत नाही. फक्त मराठी पानावर जे लिहिलं ते तपासून कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याने त्यावर सही करावी. विक्रीची मराठी पत्रकं कंपन्या आजही छापतातच. त्यावर सही करायला कोणाचा हात थरथरत नाही.

खर्चाचं कारण तर पुढे करूच नये. २०१२ पासून सेबीच्या नियमाने फंड कंपन्यांना मालमत्तेच्या ०.०२ टक्के दरवर्षी गुंतवणूकदार शिक्षणासाठी बाजूला काढावे लागतात. एक लाख कोटी सांभाळणाऱ्या कंपनीला हे वीस कोटी पडतात. आणि मराठी पान दर महिन्याला नव्याने लिहायचं नसतं. वाक्यं तीच राहतात, फक्त त्यातले रुपये बदलतात : ६०० च्या जागी ५५०, ९,८०० च्या जागी ९,६५०. वाक्यं एकदा नीट घडवावी लागतील, आणि छापण्याआधी ती अशा चार-पाच जणांकडून वाचून घ्यावी लागतील ज्यांनी आजवर पोस्टाच्या आरडीपलीकडे काही केलेलं नाही. वाचून झाल्यावर त्यांना तीन प्रश्न विचारायचे. यात पैसे कमी होऊ शकतात का? किती? आणि हवे तेव्हा मिळतील का? कोणी तिसऱ्याला “हो, एफडीसारखेच” असं उत्तर दिलं, तर पान परत लिहायला घ्यायचं.